विषय: ॲडव्हान्स घेऊन विक्रेता गायब, तीच मशीन नव्या नावाने पुन्हा विक्रीला

मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,

मी घरी शिवणकाम करते. लग्नसराईच्या आधी हाताशी हवी म्हणून तुमच्या ॲपवर जुनी ओव्हरलॉक मशीन शोधत होते. जुन्या मशीनचा डीलर म्हणवणाऱ्या एका विक्रेत्याची मशीन, मोटार आणि टेबलासह, १४,००० रुपयांना होती. नावापुढे तुमची ‘व्हेरिफाइड’ची खूण होती. नाहीतर न बघितलेल्या वस्तूला मी पैसे दिले नसते.

३ नोव्हेंबरला त्याने चॅटमध्ये लिहिलं, “दुसरं गिऱ्हाईक दारात आहे, ४,००० टाका, मशीन तुमच्या नावाने बाजूला ठेवतो.” मी यूपीआयने पैसे पाठवले. “उद्या टेम्पोत घालतो” हे त्याचं शेवटचं वाक्य. नंतर फोन बंद. मी त्याला चार दिवस दिले, तिथेच माझं चुकलं. ७ तारखेला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. लगेच कळवलं असतं तर कदाचित ते खात्यातच रोखता आले असते.

पैसे तुमच्या ॲपमधून गेले नाहीत हे मला मान्य आहे. तुमच्या चॅटवरून मला हेच उत्तर दोनदा कॉपी-पेस्ट होऊन आलं. पण माझी तक्रार तेवढ्यावर संपत नाही.

११ तारखेला तीच मशीन तुमच्या ॲपवर परत दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, गाव वेगळं, किंमत १२,०००. फोटो मात्र तेच. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर इस्त्रीचा तिरका काळा डाग आहे आणि डावीकडच्या सुईत पिवळा दोरा ओवलेला आहे. दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत, शेजारी ठेवून बघा. ‘रिपोर्ट’ बटण मी तीन वेळा दाबलं, तरी जाहिरात आज सकाळी चालूच होती.

ती जाहिरात आजच काढा आणि दोन्ही खाती बंद करा. पण खाती पुसून टाकू नका; चॅट, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि लॉगिनची माहिती पोलिसांना लागणार आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ग्राहकाने लेखी मागितल्यावर विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्काची माहिती देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ती मी या मेलने मागते आहे. ‘व्हेरिफाइड’ची खूण देताना तुम्ही नेमकं काय तपासलंत, तेही लिहून कळवा.

त्याच नियमांप्रमाणे ४८ तासांत या तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल मिळायला हवा. पोच आली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार करणार आहे.

चार हजार म्हणजे माझी कितीतरी ब्लाउजांची शिलाई. ते परत मिळतील न मिळतील, पण नव्या नावाच्या त्या जाहिरातीला आज आणखी कुणी पैसे पाठवायच्या आत ती उतरवा.

सोबत: चॅट, यूपीआयची पावती, १९३० च्या तक्रारीचा क्रमांक, दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(नाव आणि मोबाइल नंबर माझ्या खात्यात नोंदलेले आहेत.)