फोटो बघून 'खा' म्हणता येत नाही

संपादक महोदय,

पाऊस लागला की आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. मे महिन्यात भरलेल्या बेगमीतली मिरची, डब्यातले शेंगदाणे, आणि खाली 'वापरू ना?' मालवणात किराणा-मसाल्याचा धंदा आहे, म्हणून लोक हक्काने विचारतात. फोटो बघून 'टाकून द्या' एवढं मी सांगू शकतो. 'बिनघोर खा' असं सांगत नाही, आणि त्यावर गिऱ्हाईक रुसतं.

पिवळट-हिरवी बुरशी, सुरकुतलेला काळपट दाणा, किडीने पाडलेलं भोक, मिरचीच्या देठाशी काळा पडलेला भाग, हे फोटोत कळतं. पण अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीने तयार केलेलं विष. त्याला रंग नाही, चव नाही. मिरचीला ऊन दाखवून फडक्याने पुसली की बुरशी दिसेनाशी होते, विष तिथेच राहतं. दाणे भाजल्याने ते थोडं कमी होतं, संपत नाही. शिवाय शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला तर ही बुरशी शेतातच शिरते. असा माल पुढे कितीही कोरडा ठेवला तरी आधी तयार झालेलं विष जात नाही.

बरं, ते सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. किलोभर शेंगदाण्यांत साधारण दोन हजार दाणे धरा. त्यातल्या एकाच दाण्यात 20 मायक्रोग्रॅम विष असलं आणि बाकी सगळे स्वच्छ असले, तरी त्या किलोचा हिशेब 20 वर जातो. आपल्याकडे कच्च्या शेंगदाण्यांची मर्यादा किलोला 15 आहे. खराब दाण्यात इतकं विष सापडतं, आणि फोटोत आलेले असतात वरचे पन्नास-साठ दाणे! म्हणूनच प्रयोगशाळा मूठभर दाणे घेत नाही. पोत्यापोत्यातून माल काढून, सगळा एकत्र दळून मग तपासते.

तरी फोटो पाठवायचाच तर फोडून पाठवा. मिरची उभी चिरा. बाहेरून लालबुंद मिरचीत बियांभोवती करडं जाळं मी कितीदा पाहिलंय. दाण्याच्या दोन डाळी सुट्या करा, कारण मधल्या खाचेतही बुरशी वाढते. फोटो दिवसाउजेडी काढा, ट्यूबलाइटखाली हिरवट रंग नीट कळत नाही. कुबट वास फोटोत येत नाही, तो तुम्हीच घ्या. सुरकुतलेले, डागी दाणे निवडून काढले तर धोका बराच उतरतो, कारण विष बहुतेक त्यांच्यातच असतं. ते कुटात ढकलू नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. मिरचीचं मात्र असं निवडणं दळणाआधीच होतं. परवा एका ताईंनी तयार मसाल्याच्या बरणीचा फोटो पाठवला. रंग सुरेख होता, पण आत कोणत्या मिरच्या गेल्या हे त्यावरून मी काय सांगणार?

– एक दुकानदार, मालवण