ज्यांची नावं विचारायची राहिली, त्या सगळ्यांचे आभार

सांगलीत फ्रीलान्सर लोकांची पहिली भेट विश्रामबागेत झाली, स्वागताचं बोलणं माझ्याकडं होतं, पण ते जमलं ते तुमच्यामुळं म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी हॉलवाले काका, ज्यांनी लायनीत मांडलेल्या खुर्च्या स्वतःहून भिंतीला लावल्या, कारण खुर्च्या लायनीत असल्या की लोकं बसतात, भाषण ऐकतात, चहा पितात नि घरी जातात. सगळे उभेच असल्यामुळं मी पण दोन मिनिटांत आवरलं: पाणी कुठंय, किती वाजता संपणार, आणि पुढची दहा मिनिटं काय करायचं, बास.

ते "काय करायचं" सुचवणाऱ्या ताई कोण होत्या माहीत नाही. त्या म्हणाल्या, स्टिकरवर नाव नि धंदा सगळेच लिहितात, खाली "मला कोण पाहिजे" ते पण लिहायला सांगा. मी माईकवरनं तसंच सांगितलं आणि आधी स्वतःचं वाचून दाखवलं, नाहीतर पहिला कोण बोलणार यातच वेळ जातो. मग हळदीच्या पाकिटांचं डिझाईन करणाऱ्या एका पोरानं लिहिलं, "जीएसटी समजावणारा पाहिजे", आणि शेजारीच अकाउंटवाल्या मॅडम! नुसतं "ग्राफिक डिझायनर" लिहिलं असतं तर दोघं हसून पुढं गेले असते.

आणि कोपऱ्यात एकट्या उभ्या लोकांना हाताला धरून गटात नेणारे ते चष्मेवाले दादा, ते काम खरं यजमानाचं, तुम्ही केलंत. पुढच्या वेळी यालच, पण नाव सांगा राव!