अननसाचे डोळे

रत्नागिरी,
दि. ४ मे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर सांगितलेस की सत्यनारायणासाठी आणलेल्या दोन अननसांपैकी निम्मे केराच्या बादलीत गेले, आणि जे उरले त्यातही डोळ्यांचे काळे खडे राहिल्याने वहिनींना ते शिऱ्यातून चमच्याच्या टोकाने वेचून काढावे लागले. त्यावर मी तिथल्या तिथे काहीतरी सांगू लागलो, पण हाताने करायची गोष्ट फोनवर समजावताना माझा नेहमीच गोंधळ होतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. काल सकाळी मुद्दाम एक अननस आणला, शेजारी वजनकाटा ठेवून तो कापला आणि प्रत्येक टप्प्यावर काय निघाले ते कागदावर टिपत गेलो. आमच्या घरात या प्रकाराला जे नाव मिळाले ते इथे लिहीत नाही.

अननस वाया जातो तो एकाच कारणाने. साल काढणे आणि डोळे काढणे ही दोन निराळी कामे आहेत, हे विसरून आपण ती एकाच घावात उरकायला जातो. अननस हे वास्तविक एक फळ नव्हेच. मधल्या दांड्याभोवती शंभराहून अधिक फुले येतात आणि त्यांची फळे एकमेकांना चिकटून एकजीव होतात. आपण ज्याला डोळा म्हणतो ती एकेका फुलाची जागा, आणि त्याच्या आतल्या पोकळीत सुकून राहिलेले फुलाचे अवशेष म्हणजेच दाताखाली येणारा तो करकरीत खडा. आपल्याकडे केरळातून येणाऱ्या लहान, पिवळ्याधमक अननसात ही पोकळी जवळजवळ १ सेंटिमीटर खोल असते, पण दोन डोळ्यांच्या मधली साल मात्र तीन-चार मिलिमीटरच जाड असते. डोळे जाईपर्यंत साल तासत राहिलास, तर दोन डोळ्यांमधला चांगला गरही त्यांच्याबरोबर जातो.

हा तोटा किती होतो ते आकड्यात पाहा. फळाचा व्यास १० सेंटिमीटर धर. भोवतालचा १ सेंटिमीटर जाडीचा थर काढला, तर ८ सेंटिमीटर व्यासाचे फळ हातात राहते, म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ १०० वरून ६४ वर येते. थर ४ मिलिमीटरच काढला, तर ते ८५ च्या आसपास राहते. सर्वांत बाहेरचा थर दिसायला पातळ असला तरी फळाचा बराचसा ऐवज त्यातच असतो, ही गोष्ट सुरी हातात असताना आपल्या ध्यानात येत नाही.

मी ही रीत शिकलो ती ठाण्याला नोकरीत असताना, स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याकडून. संध्याकाळची लोकल चुकली की मी त्याच्यापाशी उभा राहत असे. तो अननसाची शेंडी डाव्या हातात मुठीसारखी धरायचा, साल कागदासारखी पातळ उतरवायचा, आणि मग अंगभर काळे ठिपके असलेले ते पिवळे फळ एकदा डोळ्यांसमोर सावकाश फिरवायचा. त्या फिरवण्यात काय आहे हे मला फार उशिरा कळले. मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “रांग बघतो, साहेब. रांग सापडली की सुरी आपोआप चालते.”

ती रांग अशी असते. साल काढलेल्या फळावर कोणताही एक ठिपका घेतलास, तर त्याच्यापासून तिरक्या जाणाऱ्या तीन तऱ्हेच्या रांगा दिसतात. एक जरा आडवी, हळूहळू चढत जाणारी. दुसरी विरुद्ध बाजूला कललेली आणि अधिक चढी. आणि तिसरी जवळजवळ उभी. बहुतेक अननसांत पहिल्या तऱ्हेच्या ८, दुसरीच्या १३ आणि तिसरीच्या २१ रांगा भरतात, अर्थात फार लहान फळात याहून कमीही असतात. आपल्याला यांतली एकच तऱ्हा निवडून तिच्या प्रत्येक रांगेवरून एक चर काढायचा आहे. निवड करायची ती मोजून नव्हे, तर ज्या रांगेत ठिपके एकमेकांना सर्वांत जवळ असतील तिची. चरातून डोळ्यांबरोबर जो गर जातो तो त्या दोन डोळ्यांमधला, आणि ते अंतर जितके कमी तितका गर कमी जातो. एक गंमत अशी की काही अननसांत आडवी रांग डावीकडे चढते आणि काहींत उजवीकडे, त्यामुळे मागच्या वेळची दिशा लक्षात ठेवून उपयोग नाही. प्रत्येक फळ नव्याने पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष काम. अननस शेंडीसकट धुऊन पुसून घे. पाटाखाली ओले फडके घाल म्हणजे तो सरकणार नाही, आणि पाट परातीत ठेव म्हणजे रस ओट्यावर वाहणार नाही. गाडीवाला शेंडी ठेवतो कारण तिचा त्याला मुठीसारखा उपयोग होतो, पण ज्याचा हात बसलेला नाही त्याने शेंडी आणि बुड दोन्ही आडवी कापून फळ पाटावर उभे करावे, हे माझे मत. मग मोठ्या धारदार सुरीने वरून खाली, फळाच्या फुगवट्याला धरून, साल पट्ट्यापट्ट्यांनी उतरव. साल निघाल्यावर प्रत्येक डोळ्याच्या जागी तपकिरी ठिपका दिसला पाहिजे आणि ठिपक्यांच्या मध्ये पिवळा गर. मध्येच हिरवट-तपकिरी कड राहिली असेल तर साल जरा जास्त पातळ निघाली, ती तेवढीच पुन्हा तास. ठिपके दिसतच नसतील तर सुरी खोल गेली असे समज.

यानंतर मोठी सुरी बाजूला ठेवून लहान, पातळ पात्याची सुरी घे. फळ आडवे धर, रांग निवड, आणि ठिपक्यांच्या वरच्या कडेला लागून, पाते रांगेच्या मध्याकडे कललेले ठेवून, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक काप घे. मग तसाच दुसरा काप खालच्या कडेने, उलट कलाने. हे दोन्ही काप डोळ्याच्या तळाशी एकमेकांना मिळाले की सगळी रांग एका पट्टीने उचलून येते, आणि तिच्या खाली ओळीने बसलेले डोळे बोटाला खडबडीत लागतात. पहिली पट्टी अशी अखंड हातात आली की पुढचे काम सोपे आहे, कारण बाकीच्या रांगा तिला समांतरच असतात.

चुका होतात त्या याच जागी. पाते सरळ उभे धरलेस तर दोन काप तळाशी मिळत नाहीत, पट्टी निघत नाही, आणि मग आपण सुरी उचकटून ती तोडतो, ज्यात गराचे लचके निघतात. पाते फार आडवे धरलेस तर डोळा मधोमध कापला जातो आणि त्याचा खालचा अर्धा भाग आतच राहतो. चराच्या तळाशी काळा बिंदू दिसला तर हेच झाले असे ओळखावे आणि सुरीच्या टोकाने तेवढा उकरून काढावा. तिसरी चूक म्हणजे अर्ध्या वाटेत रांग बदलणे. फळ वर निमुळते होत जाते तिथे रांगा जवळ येतात आणि नजर शेजारच्या रांगेवर घसरते. तिथे थांबून, फळ फिरवून पुन्हा पाहिलेले बरे. शिवाय अननस अति पिकून मऊ झाला असेल तर चर धरत नाहीत, गर पिळवटून निघतो. तेव्हा कापण्यासाठी हाताला घट्ट लागणारा, बुडाशी वास येणारा घ्यावा. कच्चा आणून घरी पिकवू म्हणशील तर झाडावरून उतरवल्यावर तो पिवळा आणि मऊ होतो, पण त्याची गोडी वाढत नाही.

तुझ्याकडे बंगाल-आसामकडचा मोठा, दोन-अडीच किलोचा ‘क्यू’ जातीचा अननस आला, तर मात्र एवढा खटाटोप करू नकोस. त्याचे डोळे रुंद पण उथळ असतात. साल किंचित जाड काढली की बहुतेक डोळे तिच्याबरोबरच जातात, आणि जे पाच-पन्नास राहतात ते एकेक टिपून काढता येतात. चरांची रीत आपल्या लहान, खोल डोळ्यांच्या अननसासाठीच आहे.

चर काढून झाल्यावर बहुतेक लोक चकत्या करतात, कारण त्या शोभिवंत दिसतात. मी मात्र उभ्या फाका करतो. अननस बुडाकडून पिकत जातो, त्यामुळे खालचा भाग गोड आणि शेंडीकडचा आंबटसर असतो. चकत्या केल्या तर एकाच्या वाट्याला गोड येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला आंबट, पण उभ्या फाकेत दोन्ही येतात. शिवाय उभे चार तुकडे केले की मधला दांडा प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर सरळ येतो आणि एका कापात निघतो. तो फेकू नकोस, किसून शिऱ्यासाठी पाकात शिजवलास तर कळतही नाही.

आता कालचा हिशेब. अननस शेंडीसह १,२८० ग्रॅम भरला. शेंडी, बुड आणि टोक मिळून १९० ग्रॅम, साल १९०, डोळ्यांच्या पट्ट्या १२५, दांडा ९५, परातीत सांडलेला रस अंदाजे २०, आणि खाण्याजोगा गर ६६० ग्रॅम. गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याने जाड साल काढून जवळपास याच वजनाचा अननस कापला होता, त्याचा गर ५३० ग्रॅम निघाला होता आणि त्यातही डोळे होतेच. म्हणजे फरक सव्वाशे ग्रॅमहून थोडा जास्त पडला. तेव्हा ‘निम्मे गेले’ ही तुझी तक्रार ऐकून वहिनींनी तुला बोल लावला असेल तर त्यांना सांग, की नीट कापले तरी निम्म्याच्या आसपास जातेच. मात्र दांडा शिऱ्यात गेला, आणि साल व पट्ट्या गूळ आणि दोन लवंगा घालून उकळून, गाळून सरबताला घेतल्या, तर बादलीत जाण्यासारखे शेंडी, बुड आणि चोथा एवढेच उरते.

एक गोष्ट जाता जाता. कच्च्या अननसाच्या रसात प्रथिने तोडणारा एक पाचक घटक असतो. जीभ चुरचुरते ती त्याने, आणि दोन-तीन अननस एकदम कापले की बोटांची कातडी हुळहुळी होते तीही बऱ्याच अंशी त्यानेच. शिऱ्यात दूध घालणार असाल तर तुकडे आधी साखरेत पाच-सात मिनिटे खळखळ उकळून घ्या, नाहीतर दूध फाटते. कच्चे तुकडे श्रीखंडात घालून ठेवले तर काही वेळाने श्रीखंड कडू होते, हा अनुभव आम्ही एका गुढीपाडव्याला वीस पाहुण्यांच्या देखत घेतलेला आहे.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पूजा आहे असे म्हणालास. त्याआधी एक अननस नुसता सरावाला आण, आणि पहिली पट्टी अखंड निघाली की तुटली तेवढे मला कळव. तुटली असेल तर पाते किती कलते धरले होतेस तेही लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव