साठ गोळ्यांचा 'तस्कर'

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवरची 'कुत्तागोळीचा तस्कर जेरबंद' ही चौकट वाचली. रात्री दुर्लक्ष केलं, सकाळी चहासोबत पुन्हा नजरेस पडली आणि राहवलं नाही. दोन शिपायांच्या मधे मान खाली घातलेलं विशीतलं पोर, सहा स्ट्रिप, प्रत्येकी दहा गोळ्या. तराजू नाही, पुड्या नाहीत, गिऱ्हाइकांची यादी नाही. तरी 'तस्कर'. आपल्या वार्ताहराने हा शोध नेमका कशावरून लावला?

कुत्तागोळी म्हणजे अल्प्राझोलाम, चिंतेवर दिलं जाणारं गुंगीचं औषध. धुळे-मालेगावकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, पण गोळीचं स्वतःचं वजन समजा सव्वाशे मिलिग्रॅम (कंपनीगणिक कमी-जास्त असतं). बाकी सगळी भुकटी आणि भरताड. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमधे, अल्प्राझोलामचं 'अल्प प्रमाण' पाच ग्रॅमच्या आत आणि 'व्यापारी प्रमाण' शंभर ग्रॅमच्या पुढे. आता हे पाच ग्रॅम कशाचे मोजायचे, औषधाचे की अख्ख्या गोळीचे? सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० च्या हिरा सिंग निकालात सांगून टाकलं की मिसळलेल्या पदार्थासकट मोजायचे. म्हणजे चाळीस गोळ्या झाल्या की अल्प प्रमाण संपलं. निव्वळ औषध धरलं असतं तर तिथवर पोहोचायला दहा हजार गोळ्या लागल्या असत्या.

बातमीतल्या पोराचा हिशेब करू. साठ गोळ्या गुणिले सव्वाशे मिलिग्रॅम, साडेसात ग्रॅम. त्यात अल्प्राझोलाम तीस मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. रोज दहा-पंधरा गोळ्या गिळणाऱ्याला हा चार-सहा दिवसांचा साठा. पण पाच ग्रॅम ओलांडले म्हणून कलम २२ खाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड लाखापर्यंत. याच्याच गल्लीत गोळ्या विकणारा शहाणा माणूस खिशात कधी तीसच्या वर ठेवत नाही, तो सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष. आणि त्याच साठ गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेल्या असत्या तर गुन्हाच नव्हता. खाणारा कोण आणि विकणारा कोण, हे वजनकाट्याला कळत नाही, पण आपल्या मथळ्याला कळतं.

२००१ पूर्वी कलम २७ मधे स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल जवळ बाळगणंही येत होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम २७ फक्त सेवनापुरतं उरलं. खिशात सापडलं की बाळगण्याचं कलम, मग हेतू काहीही असो.

उपचाराचा रस्ता कायद्यात आहे, पण तो याच पाच ग्रॅमच्या फाटकातून जातो. कलम ६४अ म्हणतं, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ दोषी ठरल्यानंतरचं. न्यायाधीश लगेच तुरुंगवास न देता, आरोपीच्या संमतीने, बंधपत्रावर त्याला उपचाराला सोडू शकतात. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन त्याने हजर व्हायचं. अहवाल बरा असेल तर समज देऊन जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडतात. दोन्हीकडे अट एकच, माणूस 'व्यसनी' हवा, म्हणजे शरीर-मन त्या पदार्थावर अवलंबून असायला हवं. यात्रेत पहिल्यांदा हौसेने गोळी खाल्लेल्या पोराला हा लाभ नाही. विचित्र वाटेल, पण कायदा तसाच आहे.

आता घोटाळा कुठे होतो ते सांगतो. पंचनाम्यात कधी 'साठ गोळ्या' एवढंच लिहितात, वजन नाही. कधी स्ट्रिपसकट काट्यावर ठेवतात. छत्तीस गोळ्या साडेचार ग्रॅम भरतात, पण पन्नी-प्लास्टिकसकट काटा पाचच्या पुढे जातो आणि पोरगं एका वर्षाच्या कलमातून दहा वर्षांच्या कलमात. पन्नी काही औषधात मिसळलेली भुकटी नव्हे. ही हरकत पहिल्या जामीन अर्जातच घ्यायला हवी.

आणि जिथे प्रमाण खरंच अल्प आहे तिथे उलटी गंमत. 'भाऊ, पोऱ्या सुटी का?' एवढंच आई विचारते आणि सल्ला मिळतो, गुन्हा कबूल कर, दंड भर, घरी जा. कोर्टाच्या तारखा टळतात, पण दोषसिद्धी नावावर चढते. पुढच्या वेळी तशाच गुन्ह्यात सापडला की कलम ३१ प्रमाणे कमाल कैद दीडपट. गोळी सुटलेली नसतेच, त्यामुळे पुढची वेळ येतेच. त्याऐवजी कबुलीआधी मानसोपचारतज्ज्ञाचं अवलंबित्वाचं प्रमाणपत्र, अटकेआधीचे केसपेपर असतील तर ते आणि मान्यताप्राप्त संस्थेचं दाखल करून घेण्याचं पत्र जोडून ६४अ चा अर्ज द्यायचा असतो. गल्लीतल्या कुठल्याही 'व्यसनमुक्ती केंद्रा'ची पावती चालत नाही. दहा दिवसांचं डिस्चार्ज कार्डही पुरेसं नाही, कारण ही गोळी हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे उतरवावी लागते.

एकदम तोडली तर काय होतं ते कोठडीत दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, झोप उडते, घाम फुटतो, काहींना फिट येते. बाहेरचा म्हणतो, 'सोंग करतोय'. सोंग नव्हे, तो जिवावर बेतणारा प्रकार आहे. पहिल्याच वैद्यकीय तपासणीत रोज किती गोळ्या घेतो हे डॉक्टरला सांगून कागदावर आणावं. पुढे न्यायालयात 'व्यसनी' सिद्ध करायला तोच कागद उपयोगी पडतो.

तस्कर खरंच शोधायचा असेल तर स्ट्रिप उलटी करा. मागे बॅच नंबर असतो. हे औषध शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतलं, दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि प्रमाण यांची वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते. सहाही स्ट्रिपचा बॅच एकच होता का, माल कुठल्या ठोक विक्रेत्याकडून निघाला, हे एका फोनवर विचारता आलं असतं. आपल्या बातमीत पोराच्या शर्टाचा रंग आहे, बॅच नंबर नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाला जाहिरात आहे, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'. वर छापायचं की व्यसनी पोरगं तस्कर, खाली छापायचं की त्याच्या बापाच्या भाजीत पूड कालवा. त्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास देणारं औषध, असलं आणि बाप त्यावर प्यायला, तर उलट्या होऊन रक्तदाब घसरतो आणि घरच्यांना डॉक्टरला काय दिलं ते सांगताही येत नाही. कलम ३९ खाली न्यायाधीशाला आरोपीची संमती घ्यावी लागते. आपल्या जाहिरातदाराला ती लागत नाही, असं दिसतं.

जाहिरातीचा दर काय आहे ते कळवा. 'साठ गोळ्या म्हणजे साडेसात ग्रॅम' एवढीच एक ओळ त्याच जागी छापून घेईन म्हणतो.

आपला,
एक वकील वाचक, धुळे