चिमूरच्या चौथ्या दिवसाचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ ऑगस्टच्या अंकातली चिमूरच्या शहीद स्मृतिदिनाची बातमी वाचली. पुष्पचक्र, पोलिसांची मानवंदना, मंचावरच्या पुढाऱ्यांची नावं आणि चिमूर जिल्ह्याचं दरवर्षीचं आश्वासन, सगळं आलं. शेवटी चौकटीत तुमचं नेहमीचं वाक्य होतं की १९४२ मध्ये चिमूर तीन दिवस स्वतंत्र होतं. मी साठीच्या पुढचा माणूस आहे. हे वाक्य शाळेपासून वाचत आलो आहे. तीन दिवस स्वतंत्र होतं, मग चौथ्या दिवशी काय झालं, हे सांगावं असं तुमच्या एकाही वार्ताहराला आजवर का वाटलं नाही?

१६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. मिरवणूक, गोळीबार, बालाजी रायपूरकरांचं बलिदान, जमावाच्या हातून मारले गेलेले सरकारी अधिकारी, हे सगळं त्या एका दिवसाचं. १९ तारखेला गोऱ्या सोजिरांची पलटण गावात आली. घरोघरचे कर्ते पुरुष धरून नेले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर घरात घुसून अत्याचार झाले, लूट झाली. नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही स्त्रिया चिमूरला गेल्या, तेव्हा बायकांनी तोंड उघडून ते सांगितलं. हे मी ऐकीव बोलत नाही, त्या काळच्या नोंदींत आहे. पण आपण स्मृतिदिन नेमला तो सोळा तारखेचा. एकोणीस तारखेला ना फूल, ना बातमी.

माझी आजी त्या वेळी बारा वर्षांची होती. तिला इंग्रजी तारीख कधी कळली नाही, ती तिथीने चालायची. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, हे सगळ्या घरांत असतं. आमच्या घरी त्याच्या पुढे एक होतं. अष्टमीला दिवे लागायच्या आत आजी दाराला आतून कडी घालायची आणि आम्हा पोरांना ओसरीवर बसू द्यायची नाही. का, ते आम्हाला वीस-बावीस वर्षांचे होईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

२०१७ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून एका वाहिनीची मंडळी माहितीपटासाठी आमच्याकडे आली. आजी तेव्हा सत्त्याऐंशीची. नवं लुगडं नेसून ती सकाळपासून खाटेवर बसून होती. त्यांनी झेंड्याचं विचारलं, तिने सांगितलं. मग ती आपणहून म्हणाली, "बापू, चवथ्या रोजचं सांगू का? ते त कोणी इचारतच नाही." समोरचा मुलगा वाईट नव्हता. घड्याळ बघून म्हणाला, "आजी, ते राहू द्या, भजनाचं सांगा, तुकडोजी महाराजांचं सांगा." तिने तेही सांगितलं. माहितीपटात ती पंधरा-वीस सेकंद दिसली, मागे गाणं लावलं होतं. शेजारच्या बाया तिला पाहायला जमल्या होत्या. तिने एवढंच विचारलं, "झालं?" दोन वर्षांनी ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसापुढे ती ते सांगायला तयार झाली होती, आणि तिला थांबवलं गेलं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

कुणी म्हणेल, गावानेच ते झाकून ठेवलं, त्यात वर्तमानपत्राचा काय दोष? झाकलं हे खरं आहे. लेकीबाळींची लग्नं व्हायची होती. पण दुसरंही एक कारण आहे. स्वातंत्र्यानंतर आठवण कागदाच्या मागे गेली. १९७२ मध्ये ताम्रपट आले, सन्मान निवृत्तिवेतन आलं, आणि त्यासाठी मुख्यतः तुरुंगवासाचा दाखला लागायचा. जो तुरुंगात गेला त्याचं नाव यादीत चढलं आणि त्या यादीवरूनच पुढे सत्कार झाले, स्मरणिका निघाल्या, तुमच्या पुरवण्या निघाल्या. जिच्या घरात शिपाई शिरला तिच्याजवळ दाखला कुठला असणार? त्या बायकांची नावं छापा असं माझं मुळीच म्हणणं नाही, ती छापू नयेतच. पण नाव न छापता घटना सांगता येते.

आणि तुम्हाला हे सांगायचं विशेष कारण आहे. भणसाळींचं उपोषण आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक आहे. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भणसाळी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून दिल्लीला आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांच्या दारी गेले. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथून भणसाळींना धरून परत पाठवलं, तर ते पायी चिमूरकडे निघाले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत त्यांनी ६३ दिवस अन्न घेतलं नाही. सरकारने चिमूर आणि हे उपोषण या दोन्हींच्या बातम्या छापायला बंदी घातली. तेव्हा संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेने ठराव केला: नववर्षाच्या सरकारी किताबांची यादी छापायची नाही, लाटसाहेबांच्या घरची पत्रकं छापायची नाहीत, आणि ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस अंकच काढायचा नाही. त्याप्रमाणे देशभरातली वर्तमानपत्रं त्या दिवशी बंद राहिली. आठवड्याच्या आत बंदी उठली आणि उपोषण सुटलं. बायकांना न्याय देणारी स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही, तेवढं राहूनच गेलं.

म्हणजे संपादक महाशय, चिमूरच्या चौथ्या दिवसाची बातमी छापता यावी म्हणून तुमच्याच पेशातल्या लोकांनी एक दिवसाचं उत्पन्न सोडलं होतं. आज कुणाची बंदी नाही. तरी तुमच्या पानावर ती बातमी नाही. पत्रकार दिनही त्याच ६ जानेवारीला असतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'साठी. तुमच्या त्या दिवशीच्या विशेष पानावर १९४३ च्या या बंदचा उल्लेख मी कधी वाचला नाही. तुम्ही छापला असेल तर कात्रण पाठवा, मी जाहीर माफी मागेन.

जाता जाता आणखी एक. त्याच बातमीत 'गडचिरोली जिल्ह्यातील आष्टी' असं छापलं आहे. १९४२ ची आष्टी वर्धा जिल्ह्यातली. चामोर्शी तालुक्यातली आष्टी वेगळी, बीडची आष्टी आणखी वेगळी. आष्टीलाही त्याच नागपंचमीला माणसं गोळ्या खाऊन मेली. त्यांचं गाव कुठल्या जिल्ह्यात हे पाहायला नकाशा पुरतो. गेल्या वर्षीही हीच चूक होती, तेव्हा मी पोस्टकार्ड टाकलं होतं. उत्तर आलं नाही.

उद्या एकोणीस तारीख आहे. हे पत्र नातवाच्या मोबाइलवरून पाठवतो आहे, म्हणजे आज रात्री तुमच्या हाती पडेल. सबंध पान मागत नाही. चौकटीतलं ते तीन दिवसांचं वाक्य उद्या पुन्हा छापा आणि त्याच्याखाली चौथ्या दिवसाच्या चार ओळी द्या. माझं पत्र छापलं नाही तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. चिमूर, जि. चंद्रपूर