n − l − 1 हे सूत्र येते कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील अकरावी-बारावीच्या मार्गदर्शन सदरात गेल्या आठवड्यात अणुरचनेवर लेख होता. त्यात 1s, 2s आणि 3s ही ऑर्बिटल एकापेक्षा एक मोठे असे तीन भरीव चेंडू काढून दाखवली होती. खाली चौकट होती: ‘त्रिज्यीय नोड = n − l − 1, पाठ करा.’ नोड म्हणजे इलेक्ट्रॉनची लाट जिथे शून्य होऊन चिन्ह बदलते ती जागा; n हा ऑर्बिटलच्या नावातला आकडा, आणि s, p, d साठी l अनुक्रमे ०, १, २. मी हा धडा २२ वर्षे शिकवते आहे. ते चित्र अपुरे आहे आणि सूत्र नुसते पाठ केले की चित्रातली उणीव मुलांच्या लक्षातच येत नाही, म्हणून हे पत्र.

श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये हायड्रोजनचे समीकरण सोडवले. त्यातून दिशांचा भाग वेगळा काढला की केंद्रकापासूनच्या अंतराचे, म्हणजे r चे समीकरण उरते. त्यात केंद्रकाची ओढ असते आणि तिच्या विरुद्ध, इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलणारे l(l+1)/r² च्या प्रमाणातले पद असते. या पदामुळे केंद्रकाजवळ उत्तर r^l सारखे वागते. फार दूर गेल्यावर ते e^(−r/na₀) प्रमाणे विरत जाते (a₀ म्हणजे बोरची त्रिज्या, ०.५२९ आँगस्ट्रॉम). या दोन टोकांच्या मध्ये काय घडते ते r च्या घातांची एक मालिका सांगते, आणि सगळी गंमत या मालिकेत आहे.

ऊर्जा मनाला येईल ती घेतली तर मालिका संपतच नाही. ती इतक्या वेगाने वाढते की दूरवरचे विरणे तिच्यापुढे टिकत नाही, आणि इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला राहत नाही. मालिका थांबायला हवी. j क्रमांकाच्या पदावरून पुढच्या पदावर जाताना (j + l + 1 − n) या अवयवाने गुणावे लागते. हा अवयव शून्य झाला की पुढची सगळी पदे गळतात, आणि ते घडते j = n − l − 1 ला. म्हणजे मुले पाठ करतात तो आकडा त्या बहुपदीचा घात आहे. या बहुपदीची सगळी मुळे धन आणि वेगवेगळी असतात, म्हणून घात जितका तितकेच गोलाकार नोड. n पूर्णांक असतो तोही याच अटीमुळे, आणि −१३.६/n² इलेक्ट्रॉन व्होल्ट ही ऊर्जाही तिथूनच येते.

n = 3 घेऊन पाहू. x = r/a₀ धरले तर 3s ची बहुपदी 27 − 18x + 2x² अशी आहे. तिची मुळे सुमारे १.९० आणि ७.१०. म्हणजे तो ‘चेंडू’ आत दोन ठिकाणी रिकामा आहे. 3p साठी 6 − x एवढेच उरते, म्हणून नोड एकच, ६a₀ वर. 3d मध्ये नुसता स्थिरांक राहतो, गोलाकार नोड नाहीच. पण l एकाने वाढला की एक गोल जातो आणि त्याच्या जागी दिशेचा एक नोड येतो. 3p ला एक प्रतल आहे, 3d ला दोन (3dz² मध्ये प्रतलांऐवजी दोन शंकू). बेरीज प्रत्येक वेळी n − 1, म्हणजे दोनच. डंबेल आणि चार पाकळ्यांचे आकार या प्रतलांनीच कापून दिलेले असतात.

वर्गात एक चूक दरवर्षी होते. r च्या समीकरणाच्या उत्तराला R म्हणतात; पुस्तकात r²R² चा आलेख असतो आणि तो r = 0 ला शून्यावर येतो. मुले तो नोड धरतात आणि 1s लाही एक नोड देऊन मोकळी होतात. तिथे शून्य झाला आहे तो r², R नव्हे. 1s चा R तर केंद्रकावरच सर्वाधिक असतो. खरा नोड ओळखायचा तर R चे चिन्ह तिथे बदलते का ते पाहावे. 2s मध्ये (1 − r/2a₀) हा अवयव २a₀ च्या आत धन आणि बाहेर ऋण असतो, म्हणून तो खरा नोड.

त्या नोडच्या आत 2s इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता १०० त सुमारे ५ आहे. हायड्रोजनमध्ये 2s आणि 2p ची ऊर्जा जवळपास सारखीच, त्यामुळे तिथे या पाचाने काही बिघडत नाही. लिथियममध्ये मात्र बिघडते. आतल्या 1s इलेक्ट्रॉनांच्या आडोशापलीकडे पोचलेल्या या छोट्या भागाला केंद्रकाची ओढ जास्त जाणवते, आणि म्हणूनच तिसरा इलेक्ट्रॉन 2p सोडून 2s मध्ये जातो. भरीव चेंडूच्या चित्रातून हे मुलाला कसे कळणार?

पुढच्या अंकात 2s आणि 3s ची मधोमध कापलेली चित्रे, प्रत्येक थरात अधिक-उणे चिन्ह घालून, छापावीत ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, सातारा