सेलच्या पोस्टबद्दल : सगळ्यांनी वाचा

मंडळी, २५ ते ३१ डिसेंबर आपल्या मालवणच्या खेळण्यांच्या दुकानात सेल आहे. पोस्ट रोज सकाळी ९ वाजता, फक्त त्या दिवसाच्या ऑफरची. गेल्या वर्षी आपण सातही दिवसांची यादी एकदम टाकली आणि गिऱ्हाईक ३१ तारखेची वाट बघत बसलं.

• २५-२६ : सावंतवाडीची लाकडी फळं-भाजी. दोन संच घेतले की भोवरा फुकट. पर्यटक हेच मागतात, म्हणून सूट नाही.
• २७-२८ : पझल, बोर्डगेम २० टक्के.
• २९-३० : बॅटरीच्या गाड्या १५ टक्के. ८०० ची गाडी ६८० ला. गाडीत घालायचे सेल वेगळे घ्यावे लागतील, हे पोस्टमध्येच लिहा, नाहीतर काउंटरवर भांडण ठरलेलं.
• ३१ : खोका फाटलेला माल निम्म्या किमतीत, बदली नाही. फाटका कोपरा फोटोत दिसलाच पाहिजे.

पोस्टआधी गोदामातले नग मोजा. माल संपला की लगेच त्या पोस्टवर ‘संपलं’ लिहा. काल संपलेल्या भोवऱ्यासाठी कोणी देवगडहून आलं, तर उत्तर तुम्हीच द्यायचं. कालचं स्टेटस रात्रीच काढा. एका वस्तूवर दोन ऑफर नाहीत, ओळखीचा असला तरी.